ईमेलचा ‘विषय’ आणि सापडेनासे झालेले ३१,५०० रुपये

पूर्वी पेढीवरून बँकेत किंवा सरकारी कचेरीत पत्र जाई, तेव्हा मायन्याखाली दोन ओळी ठरलेल्या असत. पहिली ‘विषय’ आणि दुसरी ‘संदर्भ’. पत्र कशाबद्दल आहे हे पहिली ओळ सांगे, आणि ते आधीच्या कोणत्या पत्राला धरून आहे हे दुसरी. आवक-जावक सांभाळणारा कारकून पत्र न वाचताच ते योग्य फायलीत लावू शके, तो या दोन ओळींच्या आधारे. ईमेल आला आणि टंकलेखन, टपाल व फाईल ही तिन्ही कामे एका पडद्यावर आली. ‘विषय’ राहिला, पण तो लिहिण्याची सवय सुटली. आलेल्या पत्राला उत्तर द्यायचे म्हणून ‘रिप्लाय’ दाबले जाते आणि जुनाच विषय पुढे चालू राहतो, मग आत काहीही लिहिलेले असो.

याचा परिणाम व्यापारी घरात कसा होतो हे पाहण्यासाठी सोलापूर येथील एक कापडपेढी कल्पावी. काका खरेदी पाहतात, पुतण्या हिशेब आणि संगणक. दिवाळीच्या हंगामासाठी सुरतेच्या एका व्यापाऱ्याकडून रेयॉन प्रिंटचे दर मागवले गेले. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सुरतेहून दरपत्रक आले, त्याचा विषय असा होता:

```
Diwali 2023 rayon print rate list
```

दोन आठवडे घासाघीस झाली. ती याच विषयाखाली झाली आणि ते योग्यच होते. पुढे त्याच पत्राला उत्तर देत ऑर्डर गेली, त्यालाच जोडून ट्रान्सपोर्टच्या बिल्टीचा क्रमांक आला, ६ सप्टेंबरचे बिल क्रमांक २१४ आले. माल उतरल्यावर १२ ताक्यांवर डाग दिसले. त्यांचे फोटोही त्याच दरपत्रकाच्या पोटात गेले. ९ ऑक्टोबरला सुरतेहून एका ओळीचे उत्तर आले:

```
12 taka ka 31500 less kar denge
```

ताका २५ मीटरचा आणि मीटरला १०५ रुपये दर, म्हणजे एका ताक्याचे २,६२५ आणि बाराचे ३१,५००. हिशेब चोख होता. काकांनी वाचले, मान डोलावली आणि दिवाळीच्या गर्दीत गोष्ट मागे पडली. त्याच पत्रमालिकेत पुढे लग्नसराईच्या नव्या रंगांची चौकशी सुरू झाली. मार्चपर्यंत तिच्यात ६३ पत्रे साठली होती आणि सर्वांच्या माथ्यावर दिवाळीच्या दरपत्रकाचेच नाव होते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सी.ए.च्या कचेरीतून विचारणा झाली. सुरतेच्या उताऱ्यात पेढीकडे ३३,०७५ रुपये येणे दिसत होते, पेढीच्या खतावणीत काहीच देणे नव्हते. काकांना एवढेच आठवत होते की ‘डागाचे कापून देतो’ असे समोरच्याने कबूल केले होते. सुरतेच्या पेढीवरचा जुना मुनीम मध्यंतरी बदलला होता आणि नव्याला लेखी पुरावा हवा होता. त्यात मुदतीचा प्रश्न होता. २०२३-२४ या आर्थिक वर्षातल्या बिलावर विक्रेत्याला जी.एस.टी.सह क्रेडिट नोट दाखवायची, तर ती ३० नोव्हेंबर २०२४ पर्यंत किंवा त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरले जाईपर्यंत, यांपैकी जे आधी असेल तोपर्यंतच दाखवता येत होती. त्यानंतर विक्रेत्याला त्या रकमेवरचा कर कमी करून घेता येत नाही, आणि मग तो सवलत द्यायला स्वाभाविकच का-कू करतो.

पुतण्याने जीमेलमध्ये ‘credit note’ शोधले. काही मिळाले नाही, कारण सुरतेच्या माणसाने तो शब्द वापरलाच नव्हता. मग त्याने उताऱ्यातली रक्कम ३३०७५ शोधली. तीही मिळाली नाही. उताऱ्यातली रक्कम पाच टक्के करासह होती, पत्रातली कराविना. ‘damage’ शोधल्यावर इतर पाच पार्ट्यांची पत्रे वर आली. दोन दिवस असे गेले.

“अरे, पत्र आहे हे नक्की. कुठल्या नावाने आहे तेवढे सांगता येत नाही,” काका म्हणाले. अडचण नेमकी हीच होती. पत्र हरवलेले नव्हते, त्याला स्वतःचे नाव नव्हते.

शेवटी पुतण्याने वेगळी वाट धरली. जीमेल एका विषयाची पत्रे एका गठ्ठ्यात बांधून दाखवते, त्यामुळे शोधातून एखादे पत्र न येता गठ्ठाच समोर येतो. संगणकावर ‘सेटिंग्ज’च्या पहिल्या पानावर `Conversation view off` निवडले की गठ्ठे सुटतात आणि प्रत्येक पत्र वेगळे दिसते. तसे करून त्याने `from:` पुढे सुरतेचा ईमेल पत्ता लिहिला आणि महिना बांधून घेतला:

```
after:2023/10/01 before:2023/11/01
```

ऑक्टोबरमधली नऊ पत्रे समोर आली. त्यांतले चौथे हवे होते ते.

हीच पत्रे ज्या दिवशी प्रकरण बदलले त्या दिवशी वेगळी केली असती, तर शोधाला अर्धे मिनिट लागले असते. डागांचे फोटो पाठवताना विषयाची ओळ अशी लिहायला हवी होती:

```
Bill 214, 12 taka damaged (was: Diwali 2023 rayon print rate list)
```

कंसातला `was:` ही ईमेल वापरणाऱ्यांची जुनी रीत आहे. तो म्हणजे आपला ‘संदर्भ’च. हे प्रकरण कुठून फुटले ते समोरच्याला त्यावरून कळते. एकदा समोरून नव्या विषयाखाली उत्तर आले की कंस काढून टाकावा. नाहीतर दरपत्रक शोधताना ही पत्रेही पुन्हा मध्ये येतील. बिलाचा क्रमांक मात्र विषयात राहू द्यावा. वर्षभराने माणसाला शब्द आठवत नाहीत, पण क्रमांक खतावणीत लिहिलेला असतो.

संगणकावरच्या जीमेलमध्ये ‘रिप्लाय’ दाबल्यावर विषयाची ओळ दिसतच नाही, आणि ती न बदलण्याचे अर्धे कारण हेच आहे. उत्तराच्या चौकटीत वर डावीकडे वळलेल्या बाणाशेजारी एक छोटा त्रिकोण असतो. तो दाबला की `Edit subject` येते. मोबाइलवर उत्तराच्या पडद्यावर वरच विषय असतो, त्याला बोट लावून तो बदलता येतो.

विषय बदलल्याने मागचा धागा तुटेल का, अशी शंका अनेकांना येते. तिचे उत्तर पत्राच्या आत दडलेल्या नोंदीत आहे. प्रत्येक ईमेलला `Message-ID` नावाचा स्वतःचा क्रमांक असतो, आणि उत्तर पाठवताना कोणत्या क्रमांकाच्या पत्राला ते उत्तर आहे हे `In-Reply-To` व `References` या नोंदींत आपोआप लिहिले जाते. पत्राचे कूळ त्यात राहते, विषय बदलला तरी ते पुसले जात नाही. जीमेल मात्र या नोंदींबरोबर विषयही जुळतो का ते पाहते. विषय बदलला की ते नवा गठ्ठा बांधते. थंडरबर्डसारखे काही प्रोग्राम मुख्यतः कुळावरच चालतात, तिथे विषय बदललेले पत्रही जुन्याच फांदीवर लटकलेले दिसते.

यातून एक भेद लक्षात येतो. डागांची तक्रार दरपत्रकाच्या ऑर्डरमधूनच निघाली, म्हणून तिथे उत्तर देऊन विषय बदलणे योग्य होते. लग्नसराईच्या रंगांची चौकशी मात्र त्या ऑर्डरचे अपत्य नव्हते. तिच्यासाठी जुन्या पत्राला उत्तर देण्याचा आळस न करता कोरे पत्र उघडायला हवे होते. अन्यथा काही पार्ट्यांच्या संगणकावर नवी चौकशी गेल्या हंगामाच्या पोटात जाऊन बसते, आणि ‘तुमचे पत्र मिळालेच नाही’ असे ते प्रामाणिकपणे सांगतात.

कधी बदलावे हे ठरवायला खतावणीची दृष्टी पुरते. हा मजकूर कागदावर असता तर तो त्याच फायलीत लागला असता की दुसऱ्या? दरावरची दहा पत्रे एकाच फायलीतली आहेत, त्यांचा विषय दर वेळी बदलणे हा उलट घोळ आहे. जीमेलमध्ये त्याने एकाच सौद्याचे दहा तुकडे होतील. एका पत्रात बिल्टीचा क्रमांक आणि डागांची तक्रार दोन्ही लिहायचे असतील, तर सरळ दोन पत्रे पाठवावीत. (सर्व पत्रांना ‘अर्जंट’ असा विषय देणाऱ्या पेढ्याही आहेत. त्यांच्याकडे काय शोधायचे हा वेगळाच प्रश्न.)

नवा विषय देताना दोन गोष्टी सुटतात. उत्तरासोबत मागची जोडपत्रे जात नाहीत. डागांचे फोटो जुन्या गठ्ठ्यातच राहतात, म्हणून ते नव्या पत्राला पुन्हा जोडावे लागतात. आणि खाली आपोआप लटकणारी मागच्या पत्रांची शेपटी कापून कामाच्या चार ओळीच ठेवाव्यात. ती तशीच राहिली तर दरपत्रकातला प्रत्येक शब्द तक्रारीच्या पत्रातही सापडतो आणि वेगळे करण्याचा हेतूच फसतो.

समोरची पार्टी तरीही जुन्याच पत्राला उत्तर देत राहते, हा नेहमीचा अनुभव. तिला शिकवत बसण्यात अर्थ नसतो. तिच्या उत्तराला पेढीनेच नवा विषय देऊन उत्तर द्यावे आणि पहिल्या ओळीत ‘बिल २१४ च्या डागांबद्दल यापुढे या विषयाखाली लिहावे’ इतके म्हणावे. व्हॉट्सॲपवर कबूल झालेली रक्कमही अशीच एका ओळीने ईमेलवर घ्यावी, कारण तिथे विषयाची ओळच नसते.

जी पत्रे येऊन गेली, त्यांचा विषय जीमेलमध्ये मागाहून बदलता येत नाही. पुतण्याने म्हणून ९ ऑक्टोबरचे ते पत्र `Bill 214, 12 taka damaged, 31500` असा विषय देऊन पेढीच्याच पत्त्यावर फॉरवर्ड केले. फॉरवर्ड केलेल्या पत्रात मूळ पाठवणाऱ्याचा पत्ता, तारीख आणि वेळ उतरते. मूळ पत्रही त्याने जागेवर राहू दिले, कारण वाद झालाच तर दाखवायचे ते मूळच. मग तेच सुरतेला पाठवले, फोटो पुन्हा जोडून. तारीख होती २६ नोव्हेंबर. दुसऱ्या दिवशी ३१,५०० अधिक १,५७५ कर, अशी ३३,०७५ रुपयांची क्रेडिट नोट आली. ती आली मात्र दिवाळीच्या दरपत्रकालाच उत्तर म्हणून, चौसष्टावे पत्र होऊन. पुतण्याने पोच दिली, तेव्हा विषयाची ओळ बदलूनच दिली.