नांगर धरला आहे, हे कशावरून ओळखायचं?

मुंबईहून गोव्याला शिडाच्या यॉटने जाताना कोकणच्या खाड्यांमध्ये मुक्काम करावा लागतो. देवगडच्या उत्तरेला, वाघोटन खाडीच्या मुखाशी असलेलं विजयदुर्ग हे त्यातलं जुनं, भरवशाचं बंदर. पश्चिमेला किल्ल्याचा आडोसा, आत खाडी आणि तळाला गाळ. पण बंदर कितीही चांगलं असलं तरी रात्रभर बोट जागेवर राहते ती नांगरामुळे. तो नीट रुतला आहे की नाही, हे डोळ्यांना दिसत नाही. ते हिशेबाने आणि खुणांनी ताडावं लागतं.

पहिला प्रश्न तळाचा. नकाशावर खोलीच्या आकड्यांशेजारी चिखल, वाळू, खडक अशा खुणा दिलेल्या असतात. पूर्वी खलाशी दोरीला बांधलेल्या शिशाच्या गोळ्याच्या बुडाला चरबी फासून तो खाली सोडत. चरबीला चिकटून वर येई त्यावरून तळ कसला आहे ते कळे. घट्ट वाळू आणि चिकण चिखल नांगराला उत्तम धरतात. खडकात नांगर एखाद्या फटीत अडकतो, पण तो कधी सुटेल याचा नेम नाही, आणि कधी कधी सुटतच नाही. म्हणून किल्ल्याच्या कडेचा खडकाळ भाग टाळून आत गाळात यायचं. खाडीचा मऊ गाळ मात्र वेळ मागतो. नांगर पडल्यावर त्याला दहा-पंधरा मिनिटं स्वतःच्या वजनाने खाली बसू द्यावं लागतं. घाईने इंजिन मागे ओढलं तर तो गाळावरून नुसता सरकत येतो.

दुसरा प्रश्न साखळीचा. नांगराची ताकद त्याच्या वजनापेक्षा ओढ कुठून येते यावर जास्त अवलंबून असते. ओढ आडवी असेल तर पातं आणखी खोल जातं. वरच्या दिशेने असेल तर तेच पातं उपटलं जातं. म्हणून खोलीच्या कितीतरी पट साखळी सोडायची. साखळी पूर्ण ताणली गेली असं धरलं, तर खोलीच्या तिप्पट साखळी तळाशी सुमारे १९ अंशांचा कोन करते, पाचपट साखळी साडेअकरा अंशांचा आणि सातपट साखळी आठ अंशांचा. मंद वाऱ्यात साखळीचं वजनच तिला तळावर झोपवून ठेवतं. पण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की बोटीवरचा जोर चौपट होतो, साखळी उचलली जाते आणि मग हा कोनच कामाला येतो. नुसत्या साखळीला रात्रीच्या मुक्कामासाठी पाचपट हा सर्वसाधारण नियम आहे. थोडी साखळी आणि पुढे दोर असेल, तर दोराला वजन नसल्याने सातपट तरी हवं.

चूक होते ती ‘कशाच्या पाचपट’ यात. अकरा मीटर लांबीची एक यॉट पौर्णिमेच्या सुमारास संध्याकाळी सहा वाजता, ओहोटीच्या वेळी इथे आली आहे असं समजा. खोली मोजणारं यंत्र साडेचार मीटर दाखवतं. पण ते यंत्र बोटीच्या बुडाला, पाण्याखाली अर्धा मीटर बसवलेलं आहे, म्हणजे खरी खोली पाच मीटर. उधाणाची भरती मध्यरात्रीच्या आसपास आणखी दोन मीटर पाणी चढवणार. शिवाय साखळी पाण्याच्या पातळीवरून सुटत नाही, नाळेवरून सुटते, आणि नाळ पाण्यापासून एक मीटर उंच आहे. बेरीज झाली आठ मीटर, म्हणजे साखळी हवी चाळीस मीटर. यंत्राचा आकडा पाहून साडेचाराच्या पाचपट, म्हणजे साडेबावीस मीटर सोडली असती, तर मध्यरात्री ती तिपटीलाही पुरली नसती.

आता नांगर टाकायची रीत. नाळ वाऱ्याकडे करून बोट थांबवायची आणि नांगर तळाला लागेपर्यंत सावकाश सोडायचा. तो तळाला लागला त्याच क्षणी जीपीएसवर जागेची खूण करायची. मग वारा बोटीला मागे नेईल तशी साखळी सोडत जायचं. सगळी एकदम ओतली तर ती नांगरावरच ढीग होऊन पडते. चाळीस मीटर सुटली आणि गाळात बसायला वेळ दिला, की इंजिन मागच्या गिअरमध्ये आधी अगदी हळू, मग निम्म्या जोरावर अर्धा-एक मिनिट चालवायचं. या वेळी एकाने नाळेवर उभं राहून ताणलेल्या साखळीवर हात किंवा पाय टेकवून ठेवावा. नांगर धरला असेल तर साखळी तणावाने स्थिर असते. घसरत असेल तर तळावरून येणारी थरथर आणि खडखड थेट तळव्याला जाणवते. त्याच वेळी आडव्या बाजूला, किनाऱ्यावरच्या एकामागे एक असलेल्या दोन खुणा पाहायच्या, उदाहरणार्थ धक्क्यावरचा दिव्याचा खांब आणि त्यामागचं माडाचं झाड. इंजिन जोर लावत असतानाही त्या एका रेषेत राहिल्या तर नांगराने धरलं.

खरी परीक्षा रात्री असते. हिवाळ्यात दुपारी समुद्रावरून वायव्येचे वारे येतात आणि पहाटेकडे जमिनीवरून मतलई वारे सुटतात. वायव्येच्या वाऱ्यात नांगराच्या आग्नेयेला असलेली बोट मतलईत त्याच्या पश्चिमेला जाते. त्यात भरती-ओहोटीचा प्रवाह तिला आणखी वेगळीकडे वळवतो. साखळीची आडवी पोच सुमारे ३९ मीटर आणि बोटीची लांबी ११, म्हणजे नांगराभोवती ५० मीटर त्रिज्येच्या वर्तुळात बोट कुठेही असू शकते आणि तरीही नांगर जागचा हललेला नसतो. शेजारच्या मच्छीमार बोटी आणि किनारा या वर्तुळाबाहेर आहेत ना, हे संध्याकाळीच पाहायला हवं. ओहोटीला बोटीच्या बुडाखाली पुरेसं पाणी उरेल ना, हेही वर्तुळाच्या उथळ टोकाशी तपासायचं.

म्हणूनच जीपीएसच्या गजराचं केंद्र नांगराच्या जागी हवं. पुष्कळ जण बोट मागे येऊन थांबल्यावर गजर लावतात. मग वारा पूर्ण उलटला की बोट त्या केंद्रापासून जवळजवळ शंभर मीटर जाऊ शकते आणि गजर विनाकारण वाजतो. वैतागून त्रिज्या वाढवली की खरोखर घसरण झाली तरी गजर गप्प राहतो. वरच्या हिशेबात नांगरावर केंद्र आणि साठ मीटर त्रिज्या पुरेशी आहे. वरचे दहा मीटर जीपीएसच्या चुकीसाठी.

गजराशिवायही खुणा मिळतात. नांगरावर नुसती फिरणारी बोट जोराच्या वाऱ्यात नाळ वाऱ्याकडेच ठेवते, फार तर थोडी डावी-उजवी झुलते. घसरणारी बोट वाऱ्याला आडवी पडते, साखळी ढिली पडून पुन्हा हिसका देते, आणि खोलीचा आकडा भरतीच्या हिशेबाशी जुळेनासा होतो. रात्री दिशा मोजायला दीपस्तंभ आणि किनाऱ्यावरचे कायमचे दिवे घ्यावेत. मासेमारी बोटींचे दिवे स्वतःच हलतात. वारा उलटल्यावर अर्धा तास जागं राहणं सर्वांत मोलाचं, कारण त्याच वेळी पातं उलट्या ओढीने निघतं आणि पुन्हा रुतायचं असतं. त्यावर गाळाचा गोळा किंवा जाळ्याचा तुकडा अडकलेला असेल तर ते रुतत नाही.

घसरतोय असं दिसलं की आधी इंजिन सुरू करावं. मागे मोकळी जागा असेल तर आणखी साखळी सोडून पाहावं. बहुधा कोन सुधारताच नांगर पुन्हा धरतो. दहा-पंधरा मीटर सोडूनही धरला नाही, तर आणखी वाट पाहू नये. नांगर वर घ्यावा, पात्यावरचा गाळ आणि कचरा काढावा आणि पुन्हा पहिल्यापासून, पूर्ण वेळ देऊन टाकावा. पहाटे तीनला हे नकोसं वाटतं, पण खडक जवळ येण्याआधी हाताशी असलेली मोकळी जागा दर मिनिटाला कमी होत असते.