परिच्छेद तोडायचा कुठे?

लांब परिच्छेदाचे तुकडे ओळी मोजून पाडता येत नाहीत. वाचक कोणता प्रश्न घेऊन येतो, त्यावर ते ठरते. जुलाब झालेल्या मुलाला ओआरएस कसे द्यावे, हे सांगणाऱ्या माहितीपत्रकात पुष्कळदा असे वाक्य असते:

‘एक लिटरचे पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण विरघळवून तयार झालेले द्रावण दोन वर्षांखालील मुलास प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर व त्याहून मोठ्या मुलास १०० ते २०० मिलिलिटर द्यावे, उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा सावकाश पाजावे आणि उरलेले द्रावण २४ तासांनंतर टाकून द्यावे.’

यात चूक काहीच नाही. पण मूल आत्ताच ओकले असेल, तर आईला यातले फक्त ‘दहा मिनिटे’ हवे असते आणि ते सापडेपर्यंत डोळा तीन ओळी चाचपडतो.

म्हणून उपशीर्षके तिच्या प्रश्नांची असावीत: ‘द्रावण कसे करायचे’, ‘किती पाजायचे’, ‘उलटी झाली तर’, ‘दवाखान्यात कधी न्यायचे’. ‘कार्यपद्धती’ किंवा ‘महत्त्वाच्या सूचना’ ही शीर्षके दिसायला व्यवस्थित, पण त्यांखाली काय आहे ते कळत नाही. वाक्ये तोडण्याची जागा मराठीत सहसा ‘-ऊन’ आणि ‘व’ यांपाशी मिळते, कारण क्रियापद शेवटी येत असल्याने तोवर सगळे डोक्यात धरून ठेवावे लागते. ‘पाकीट पूर्ण रिकामे करा. पावडर विरघळेपर्यंत ढवळा.’ एवढे पुरते.

यादी मात्र जपून वापरावी. द्रावण करण्याच्या कृतीला क्रम आहे, म्हणून तिथे आकडे शोभतात. धोक्याच्या लक्षणांना क्रम नसतो, तिथे नुसते ठिपके पुरेत:

यांपैकी एकही लक्षण दिसले, तर लगेच दवाखान्यात न्या.
• शौचात रक्त
• पाणीही पिता न येणे
• मूल मलूल, सुस्त पडणे

‘यांपैकी एकही’ हे शब्द गाळले, तर तिन्ही लक्षणे दिसेपर्यंत कुणी थांबेल. यादीतली ही सर्वांत घातक चूक, आणि लिहिणाऱ्याला ती सहज दिसत नाही.

कारणे यादीत घालू नयेत. ‘पाणी कमी घेऊ नका, कारण द्रावण जास्त खारट झाले तर मुलाला अपाय होतो’ हे वाक्य दोन ठिपक्यांत विभागले की ‘कारण’ गळतो आणि दोन सुट्या गोष्टी उरतात. मग पाण्याचे माप हा निव्वळ नियम वाटू लागतो आणि तो सहज मोडला जातो. अपवादही त्याच्या नियमाशेजारीच राहावा.

पत्रक जमले का, हे तपासायला उपशीर्षके उघडी ठेवून बाकीचा मजकूर झाकावा आणि विषय माहीत नसलेल्या माणसाला विचारावे: मूल ओकले, आता कुठे बघाल? बोट दुसऱ्याच शीर्षकावर गेले, तर खालचा मजकूर तसाच ठेवून आधी शीर्षक बदलावे.