मिरी, तमाल, फुलू, केशर आणि हिंग

मांजरीला पाच पिल्ले झाली की नावांची यादी करायला घरातले सगळेच सरसावतात. संगीताची आवड असलेल्या घरात पहिली सूचना येते ती सा, रे, ग, म, प अशी. ऐकायला गोड वाटते, पण मराठी घरात ती दोन दिवसही टिकणार नाही. ‘काय रे’, ‘ये गं’, ‘अरे, थांब रे’ ही वाक्ये दिवसभर चालूच असतात. म्हणजे मुलाला दटावले तरी ‘रे’ला हाक गेली आणि सुनेला बोलावले तरी ‘ग’ला. सूरच हवे असतील तर त्यांची पूर्ण नावे घ्यावीत. पाच पिल्लांसाठी पाच सुरांचा राग निवडता येतो. भूप घेतला तर षड्ज, ऋषभ, गांधार, पंचम आणि धैवत. त्यातला षड्ज जिभेला जड जातो, पण गांधार आणि पंचम ही फार देखणी नावे आहेत.

मसाल्याच्या डब्यात निवड मोठी असते, आणि घोळही मोठा. समजा, एक पिल्लू काळे आहे, एक राखाडी पट्ट्यांचे, एक काळ्या-नारिंगी ठिपक्यांचे आणि दोन अगदी सारखी नारिंगी. काळी ती मिरी हे ठरलेलेच. पट्टेवाल्याला जिरे शोभेल, कारण जिऱ्यावरही उभ्या रेषा असतात. पण घरात कोणी ‘जिरे’ म्हणत नाही, लगेच ‘जिरी’ होते. मग जिरी-मिरी अशी जोडगोळी तयार होते आणि एकीला हाक मारली की दोघी येतात. लाडाने लावलेला ‘ई’ किंवा ‘या’ असाच दगा देतो. हिंग्या, जिऱ्या, केशऱ्या म्हणायला लागलो की वेगवेगळी नावे शेवटी एकाच आवाजात संपतात. म्हणून नावे कागदावर पारखू नयेत. स्वयंपाकघरातून हाक मारल्यासारखी मोठ्याने म्हणून पाहावीत. जिरे इथे मागे घ्यावे आणि पट्टेवाल्याला तमालपत्र द्यावे. वाळलेल्या पानावरही शिरांच्या रेषा असतातच, आणि हाक होते ‘तमाल’.

ठिपकेवालीला दगडफूल. गोड्या मसाल्यातली ही काळपट, कुरळी वस्तू दिसतेही तिच्यासारखीच. हाक ‘फुलू’. ती मादीच असणार, हे जवळजवळ खात्रीने सांगता येते. मांजरात नारिंगी रंगाचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो, आणि काळा व नारिंगी असे दोन्ही रंग अंगावर उमटायला सहसा दोन एक्स लागतात. बाकीच्यांचे लिंग पहिल्या काही आठवड्यांत ओळखताना चूक होते, म्हणून त्यांना केशरसारखे दोघांनाही चालणारे नाव बरे.

उरली दोन नारिंगी. इथे रंग काहीच मदत करत नाही, स्वभावाची वाट पाहावी लागते. डोळे साधारण सात ते चौदा दिवसांत उघडतात, कानही त्याच सुमारास. खरी खोडी दिसते ती चौथ्या-पाचव्या आठवड्यात, पिल्ले आपसात झोंबायला लागली की. तोवर ओळखीसाठी एकाच्या शेपटीच्या मुळाशी थोडेसे केस कापून ठेवावेत. गळ्यात दोरा बांधू नये, पिल्लू वाढते आणि दोरा तेवढाच राहतो. मग जे शांत, अंग चोरून बसणारे असेल ते केशर. आणि ज्याच्या एका चिमटीने सगळ्या घराला त्याची खबर लागते, ते हिंग. सारख्या दिसणाऱ्या दोघांची नावे कानाला सर्वांत वेगळी असावीत. एक दोन अक्षरांवर रेंगाळणारे, दुसरे एका झटक्यात संपणारे.

पण मांजराला आपले नाव कळते का? टोकियोच्या सोफिया विद्यापीठातील अत्सुको साइतो आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. घरात राहणारी मांजरे आपले नाव इतर शब्दांतून आणि सोबतच्या मांजरांच्या नावांतूनही वेगळे ओळखताना दिसली. मांजरांच्या कॅफेतल्या मांजरांना मात्र सोबत्यांच्या नावांपासून आपले नाव वेगळे काढता आल्याचे दिसले नाही. मला यात नवल वाटत नाही. जिथे कोणाचेही नाव घेतले तरी जवळ येईल त्याचे लाड होतात, तिथे नावाला अर्थ उरत नाही.

घरीही हेच घडते. ताटली खणखणवत पाचही नावे एका दमात घेतली, तर पिल्लांच्या लेखी त्या सगळ्या आवाजाचा अर्थ एकच: जेवण. त्याऐवजी एकच नाव घ्यावे आणि घास फक्त त्यालाच द्यावा. बाकीची चौघे तोवर दुसऱ्या खोलीत असलेली बरी. पारख करायची तर त्या अभ्यासातलीच युक्ती वापरावी. पिल्लू निवांत बसलेले असताना, न ओरडता, एकाच सुरात चार साधे शब्द थांबून थांबून म्हणावेत: पंख, दूध, खाट, भिंत. पहिल्या शब्दाला कान हलतील, चौथ्यापर्यंत त्याला कंटाळा येईल. मग त्याच आवाजात ‘हिंग’ म्हणावे. कान वळला किंवा मान फिरली तर नाव रुजायला लागले आहे. काहीच झाले नाही तर आठवडाभर आणखी घास द्यावेत. आणि तेवढ्यात केशरच उठून आली, तर नावांची अदलाबदल करायलाही अजून उशीर झालेला नाही.