आजोबांच्या पत्रांची किशोरकथा: तारीख नसलेलं पत्र

आजोबांची जुनी पत्रं नातीच्या हाती लागतात, ही कथा तारखांवर उभी राहते. पत्रावरची तारीख पुसट असेल तर उत्तमच, कारण मग मुलीला शोध घ्यावा लागतो.

समजा, ट्रंकेत एक निळं अंतर्देशीय पत्र आहे. त्यावरचा डाकघराचा शिक्का वाचता येत नाही. अशा वेळी छापील तिकीट बोलतं. किंमत ‘नये पैसे’ अशी असेल, तर पत्र १९५७च्या आधीचं नाही, कारण दशमान नाणी त्या वर्षी आली. पत्त्याखाली पिनकोडचे सहा चौकोन असतील, तर ते १९७२ किंवा त्यानंतरचं. जुना साठा पुढेही वापरला जाई, म्हणून तिकिटावरून फक्त ‘याआधीचं नाही’ एवढंच ठरतं.

आता घरातली समजूत अशी घ्यावी: आजोबांनी १९६५मध्ये गाव सोडलं आणि पुन्हा कधी लिहिलं नाही. सहा चौकोन दिसताच ही समजूत कोसळते. त्यातच पत्राची डिंकाची कड शाबूत निघाली, म्हणजे ते कोणी उघडलंच नव्हतं. कथेचा खरा प्रश्न इथे सुरू होतो: ते ट्रंकेत ठेवलं कोणी? उत्तर आजीकडून यावं, तेही मुलीने पत्र फोडण्याआधी.