रसवंतीचा बोर्ड आणि पेंटरकाका

पेंटरकाकांनी मोबाईलमध्ये पहिल्यांदा बोललेलं वाक्य होतं, ‘रसवंतीगृहाचा छान बोर्ड काढ.’ चित्र आलं चौकोनी. त्यात काचेचा उंच ग्लास, स्ट्रॉ, बांबूसारखा ऊस आणि वर देवनागरीचा नुसता भास. शिरोरेषा होती, पण तिच्याखाली एकही अक्षर वाचता येईना.

चित्र काढणारं हे साधन असंख्य चित्रं आणि त्यांच्याखालची वर्णनं यांतून शिकतं. ‘छान’ म्हणजे नेमकं काय, हे त्याला कळत नाही. सांगायचं राहिलं ते ते साधन स्वतःच्या अंदाजाने भरतं. हे लक्षात आल्यावर काका हाताखालच्या पोराला सांगावं तसं सांगू लागले. आडवा पत्रा, लांबी आठ फूट, उंची तीन. फुटांचं माप साधनाला उमगेना, म्हणून ‘उंचीच्या जवळजवळ तिप्पट लांब’ असं सांगितलं. डाव्या टोकाला लाकडी चरक, त्याच्याशेजारी जांभळट कांड्यांचा ऊस. मागे सपाट पिवळा रंग, त्यावर चमक किंवा गंज काही नाही.

नावासाठी उजवीकडची जागा मोकळी हवी होती. ‘तिथे अक्षरं नकोत’ म्हटलं, तर अक्षरं हमखास उमटायची. अशा साधनांना ‘नको’ नीट कळत नाही. ज्या वस्तूचं नाव घ्यावं तीच बरेचदा चित्रात येते. त्यातून ‘बोर्ड’ हा शब्दही घात करत होता, कारण शिकताना पाहिलेल्या बहुतेक बोर्डांवर काहीतरी लिहिलेलंच असतं. काकांनी दोन्ही शब्द सोडले आणि म्हणाले, ‘रंगवलेला पत्रा, उजवीकडचा दोन तृतीयांश भाग कोरा पिवळा.’ मग जागा मोकळी मिळाली.

गिऱ्हाइकाने ते चित्र पसंत केलं. काकांनी कडेचा जादा पिवळा कापून सोळा बाय सहा सेंटिमीटरचा प्रिंट काढला आणि त्यावर दोन-दोन सेंटिमीटरच्या चौकटी आखल्या. पत्र्यावर खडूने एकेक फुटाच्या चौकटी पाडल्या. दोन्हीकडे चौकटी चोवीसच. एकेक घर बघत चरक आणि ऊस पत्र्यावर उतरवला. नावासाठी दोरी ताणून शिरोरेषा धरली आणि ‘रसवंतीगृह’ ब्रशनेच लिहिलं. ‘ती’ची वेलांटी कुठवर न्यायची, ‘गृ’चा ऋकार खालच्या रेघेला कितपत टेकवायचा, हे त्यांच्या हाताला पाठ आहे.

नवी साधनं अक्षरं पूर्वीपेक्षा बरी काढतात, तरी जोडाक्षरं आणि ऋकार अजून घसरतात. दुकानदारांनी चित्र मोबाईलवर जरूर पसंत करावं. नाव मात्र कागदावर स्वच्छ लिहून पेंटरला द्यावं आणि रंग चढण्याआधी खडूची अक्षरं एकदा मोठ्याने वाचून बघावीत.