आठव्या तासाचे रक्त

निरोगी कुत्र्याच्या शिरेत डेक्सामेथासोन या कृत्रिम स्टेरॉइडचा अगदी लहान डोस दिला, की मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीची समजूत होते की रक्तात कॉर्टिसॉल पुरेसे आहे. ती एसीटीएच हे संप्रेरक सोडणे थांबवते. मूत्रपिंडांजवळच्या अॅड्रिनल ग्रंथींना मिळणारा हुकूम त्यामुळे बंद होतो आणि कॉर्टिसॉल काही तासांत तळाला जाते. आठ तास झाले तरी ते तिथेच असते. कुशिंगच्या आजारात, म्हणजे शरीर सतत जास्त कॉर्टिसॉल बनवत असताना, हा लगाम नीट लागत नाही. ‘लो डोस डेक्सामेथासोन सप्रेशन’ चाचणी तपासते ती एवढीच गोष्ट.

दहा वर्षांची, आठ किलो वजनाची एक पोमेरेनियन कुत्री उदाहरणासाठी घेऊ. ती पाणी फार पिते, घरात लघवी करते, सतत खायला मागते; पोट सुटले आहे आणि दोन्ही कुशींवरचे केस गेले आहेत. सकाळी पहिले रक्त घेतले जाते. मग किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे तिच्यासाठी ०.०८ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन शिरेतून दिले जाते. मिलिलिटरला ४ मिलिग्रॅम असलेल्या औषधाचा हा जेमतेम थेंब होतो. म्हणून औषध आधी सलाइनमध्ये दहापट पातळ करतात आणि ०.२ मिलिलिटर टोचतात. थोडे औषध शिरेबाहेर गेले किंवा डोस कमी पडला, तर पुढचे आकडे विश्वासाचे राहत नाहीत. चौथ्या आणि आठव्या तासाला पुन्हा रक्त घेतले जाते. मधल्या वेळात खाणे नाही, सोनोग्राफी नाही, उगाच धरपकड नाही. कारण ताणाने कॉर्टिसॉल वाढते.

या कुत्रीचे आकडे असे: सुरुवातीला ५.२, चौथ्या तासाला १.१, आठव्या तासाला २.८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर. नजर साहजिकच पहिल्या आकड्यावर जाते, पण निदानात त्याला फारशी किंमत नाही. निरोगी कुत्र्यातही तो वरखाली होतो. आधी वाचायचा तो आठव्या तासाचा. बऱ्याच प्रयोगशाळांची सीमा १.४ च्या आसपास असते, तरी आपल्या प्रयोगशाळेने दिलेली सीमाच धरावी. एककही पाहावे, कारण हेच १.४ नॅनोमोल प्रति लिटरमध्ये सुमारे ३९ होते. इथे २.८ सीमेच्या वर आहे, म्हणजे निकाल कुशिंगशी जुळतो.

त्यानंतरच चौथ्या तासाकडे वळायचे. तिथे कॉर्टिसॉल १.१ पर्यंत उतरले आणि नंतर पुन्हा चढले. लगाम लागला, पण टिकला नाही. असे वागते ते पिट्यूटरीतल्या गाठीमुळे झालेले कुशिंग. अॅड्रिनलचीच गाठ असती, तर ती पिट्यूटरीच्या हुकुमाविना कॉर्टिसॉल बनवत राहिली असती आणि डेक्सामेथासोनला दाबायला काही उरलेच नसते. चौथ्या तासाचा आकडा सीमेखाली नसला, तरी चौथ्या किंवा आठव्या तासाचा आकडा सुरुवातीच्या निम्म्याहून कमी असेल, तर अर्थ तोच निघतो.

आता हेच आकडे ५.२, ४.६ आणि ४.९ असते तर? कुशिंगचा संशय तितकाच पक्का, पण उगम कळत नाही. इथे ‘दबले नाही, म्हणजे अॅड्रिनलची गाठ’ असे वाचण्याची चूक हमखास होते. पिट्यूटरीच्या आजाराच्या कुत्र्यांपैकी बऱ्याच जणांतही कॉर्टिसॉल दबत नाही, आणि कुशिंगच्या दर शंभर कुत्र्यांत ८० ते ८५ जणांचे दुखणे पिट्यूटरीचेच असते. अशा वेळी पोटाची सोनोग्राफी करून अॅड्रिनल ग्रंथी पाहाव्या लागतात: दोन्ही सारख्या मोठ्या, की एकीत गाठ आणि दुसरी सुकलेली. रक्तातल्या एसीटीएचचे मोजमापही उपयोगी पडते.

या चाचणीची खरी दुबळी बाजू वेगळीच आहे. कुशिंग असेल तर ती सहसा चुकवत नाही. पण कुशिंग नसतानाही बोट दाखवते. ताबा नसलेला मधुमेह किंवा दुसरा कुठलाही गंभीर आजार शरीराला कॉर्टिसॉल जास्त बनवायला लावतो, आणि मग आठव्या तासाचा आकडा सीमा ओलांडतो. लक्षणे नसलेल्या कुत्र्यात, केवळ रक्ततपासणीत यकृताचे एन्झाइम वाढलेले दिसले म्हणून, ही चाचणी करू नये ती याचसाठी. आजारी कुत्र्यात आधी तो आजार आटोक्यात आणून मगच चाचणी करावी.

खाजेसाठी आधी प्रेडनिसोलोन चालू असेल, तर ते पशुवैद्याला आवर्जून सांगावे. कानाचे थेंब आणि त्वचेची मलमेही विसरू नयेत. प्रेडनिसोलोन कॉर्टिसॉलच्या मोजणीत मिसळते आणि आकडा फुगवते. बाहेरच्या स्टेरॉइडनेच कुशिंगसारखी लक्षणे आल्याचा संशय असेल, तर ही चाचणी कामाची नाही. तिथे एसीटीएच टोचून अॅड्रिनलचा प्रतिसाद पाहतात.

आठव्या तासाचा आकडा सीमेखाली आला, तर कुशिंग बहुधा नाही. तरीही थोडी आजारी कुत्री या जाळ्यातून निसटतात. पाणी पिणे, केस गळणे आणि पोट सुटणे चालूच राहिले, तर एक ते तीन महिन्यांनी चाचणी पुन्हा करून घ्यावी.