चार कामं आणि २१ तास

हिंजवडीतल्या एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीतली टेस्टर डोळ्यांसमोर आणा. मंगळवारची दुपार आहे. शुक्रवारी संध्याकाळी नवं व्हर्जन क्लायंटकडे जायचंय आणि त्याआधी जुनी सगळी फीचर्स पुन्हा तपासायची आहेत. हे काम टीम लीडनं दिलेलं. सकाळीच सपोर्ट टीमनं एक तिकीट तिच्या नावावर टाकलंय : काही ग्राहकांची बिलं दोनदा निघताहेत. मॅनेजरला ऑटोमेशनच्या स्क्रिप्ट याच आठवड्यात हव्यात. शिवाय नव्या मुलाला काम शिकवायचं, हे कुणीतरी परस्पर ठरवून टाकलंय.

काम देणाऱ्या प्रत्येकाला आपलं एकच काम दिसतं. लीडलाही. चारही कामांची बेरीज फक्त तिच्या डोक्यात आहे आणि ती सांगितल्याशिवाय बाहेर येत नाही. म्हणून ‘खूप लोड आहे, काहीच सुचत नाहीये’ एवढंच लिहून भागत नाही. वाचणाऱ्याला कळवळा येईल, पण ठरवायचं काय ते कळणार नाही. फार तर ‘मॅनेज कर, बघू’ असं उत्तर येईल.

आधी कागदावर हिशेब मांडायचा. आज उरलेले ३ तास आणि पुढच्या तीन दिवसांचे ८-८, म्हणजे २७. त्यातून रोजच्या मीटिंगांचे दोन-दोन तास वजा केले की २१ उरतात. मीटिंग वजा करायला बहुतेक जण विसरतात. आता कामं : व्हर्जनची तपासणी १४ तास, बिलाचं तिकीट ६, स्क्रिप्ट १०, शिकवणं ४. एकूण ३४. हे आकडे मागच्या वेळी खरोखर किती वेळ लागला त्यावरून घ्यावेत. चांगलं दिसावं म्हणून १४ चे १० केले, तर उरलेले चार तास शुक्रवारी रात्री भरावे लागतात.

मग संदेश असा होतो :

‘नमस्कार. या आठवड्याचा क्रम तुमच्याकडून ठरवून हवा आहे. माझ्याकडे चार कामं आहेत : व्हर्जनची तपासणी (१४ तास), दुहेरी बिलाचं तिकीट (६), ऑटोमेशन स्क्रिप्ट (१०) आणि नव्या सहकाऱ्याला शिकवणं (४). एकूण ३४ तास होतात, शुक्रवारपर्यंत माझ्याकडे २१ आहेत. सगळं एकदम सांभाळताना मला दडपण आलंय आणि तपासणीत काही सुटेल अशी भीती वाटते. माझ्या मते आधी तिकीट, मग तपासणी करावी. स्क्रिप्ट पुढच्या बुधवारी द्याव्यात आणि शिकवणं सोमवारपासून सुरू करावं. हा क्रम चालेल की बदलू? आज पाचपर्यंत कळवलंत तर त्याप्रमाणे सुरुवात करते.’

दडपणाचं वाक्य काढून टाकावं, असं काही जण सुचवतील. मला ते पटत नाही. ते काढलं तर हा नुसता वेळापत्रकाचा प्रश्न वाटतो आणि उत्तर उद्यावर जातं. मात्र ते एकदाच यावं, आकड्यांनंतर यावं आणि त्यात कामावर होणारा परिणाम असावा. काम कुणी लादलं, इतरांकडे किती कमी आहे, हे इथे नको. तसं लिहिलं की उत्तर त्या आरोपाला मिळतं आणि क्रम तसाच राहतो. मॅनेजरला कॉपीत ठेवणंही पहिल्या संदेशात टाळावं, कारण लीडला ती तक्रार वाटते.

दिवसही महत्त्वाचा. मंगळवारी लीड क्लायंटशी बोलू शकतो, एखादं काम दुसऱ्याकडे देऊ शकतो. गुरुवारी रात्री कळवलं तर त्याच्या हातात फारसं काही उरत नाही.

‘सगळंच महत्त्वाचं आहे’ असं उत्तर आलं तर? वाद घालू नये. प्रश्न अरुंद करावा : ‘शुक्रवारी यांतलं एकच पूर्ण होणार असेल, तर कोणतं हवं?’ याला बहुतेक वेळा सरळ उत्तर येतं, कारण लीडच्या मनात क्रम असतोच. तोंडी ठरलं तर दोन ओळींत लिहून पाठवावं : ‘ठरल्याप्रमाणे तिकीट, मग तपासणी. स्क्रिप्ट बुधवारी. मॅनेजरना तुम्ही सांगाल ना?’ शेवटचा प्रश्न विसरला तर पुढे ढकललेलं काम शुक्रवारी दुसऱ्या दाराने परत येतं.

क्रम लावून तास वाढत नाहीत. सलग तीन-चार आठवडे ३४ ला २१ असाच हिशेब निघत असेल, तर माणसं कमी आहेत किंवा तारखा चुकीच्या दिल्या जाताहेत. त्यासाठी वेगळी वेळ मागून समोरासमोर बसावं आणि पाठवलेले जुने संदेश सोबत न्यावेत. त्यांत प्रत्येक आठवड्याचे आकडे तारखेसह लिहिलेले असतात.